लिंक कुणाच्या ईमेलवर गेली? टॅरो सेशनच्या पहिल्या दोन मिनिटांचं एक प्रकरण

मी टॅरो रीडर आहे, चित्रांचे पत्ते उघडून लोकांशी त्यांच्या प्रश्नांवर बोलते. ऑनलाइन सेशनच्या सुरुवातीला मी कित्येक वर्षं हे बोलत आले: "नमस्कार, स्वागत आहे. टॅरो म्हणजे मार्गदर्शन, भविष्य नव्हे. निर्णय शेवटी तुमचाच. इथे जे बोलू ते आपल्या दोघींतच राहील. अगदी मोकळेपणाने बोला. करूया सुरू?"

पंधरा-वीस सेकंदांचं काम. ओळखीतले बहुतेक रीडर थोड्याफार फरकाने हेच म्हणतात, आणि यातलं एकही वाक्य वाईट नाही. तरी एका सेशनमध्ये ही सगळी वाक्यं एकेक करून कोसळली, आणि चूक माझीच होती. त्या मुलीला विचारून मी हे लिहिते आहे. "लिहा, पण ओळखू येता कामा नये," एवढंच ती म्हणाली, म्हणून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच आहे.

काय घडलं

सेशन पंचेचाळीस मिनिटांचं होतं. बुकिंग थोरल्या बहिणीने केलं होतं, धाकटीला वाढदिवसाची भेट म्हणून. फॉर्मवर नाव धाकटीचं होतं, पैसे थोरलीचे होते आणि ईमेलही थोरलीचाच होता. प्रश्नाच्या रकान्यात लिहिलं होतं, "नोकरी बदलावी का?" हे वाक्य कुणाचं असेल असा विचार तेव्हा माझ्या मनातही आला नाही.

कॉल लागला. मी माझी नेहमीची वाक्यं म्हटली, तिने मान हलवली. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. ते मी सगळ्यांसाठीच करायचे, कारण लोकांना नंतर पुन्हा ऐकायला आवडतं. कॅमेरा टेबलाकडे वळवला, पत्ते पिसले आणि तीन पत्त्यांची साधी मांडणी केली. मधला पत्ता एट ऑफ कप्स निघाला. रचून ठेवलेले आठ पेले मागे सोडून लाल झग्यातला एक माणूस काठी टेकत डोंगराकडे निघालाय, आपल्याकडे पाठ करून. नोकरीच्या प्रश्नात हा पत्ता चांगलाच बोलका असतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "हा तोच आहे. अगदी असाच गेला, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही."

नोकरीचा विषय तिथेच संपला. "तो परत येईल का? सध्या त्याच्या मनात काय चाललंय?" इथपासून खरं सेशन सुरू झालं.

आणखी एक गोष्ट मला दिसत होती, पण कळत नव्हती. प्रत्येक उत्तराआधी तिची नजर स्क्रीनवरून उचलली जाऊन जरा वर आणि डावीकडे जायची. मला वाटलं, विचार करताना बघतेय. दहाव्या-बाराव्या मिनिटाला त्याच दिशेने आवाज आला, "सांग ना त्यांना तेही, लपवतेस कशाला?" थोरली पहिल्यापासून लॅपटॉपच्या मागे खुर्ची टाकून बसली होती. म्हणजे "आपल्या दोघींतच" हे मी तिघींसमोर म्हटलं होतं.

धाकटीने काही न बोलता लॅपटॉप उचलला. छत, दाराची चौकट, मग अंधारी खोली, असं सगळं डोळ्यांसमोरून फिरलं. दार लावल्याचा आवाज आला आणि ती कुजबुजत बोलू लागली. तो गेल्यापासून झोप नाही, मन उदास, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या. त्या तिने दोन आठवड्यांपूर्वी स्वतःच बंद केल्या. घरी कुणालाच माहीत नाही. "ताई, बंद केल्या ते बरोबर केलं का, एवढंच पत्त्यांना विचारा."

हे डॉक्टरांना विचारायला हवं, असं मी म्हटलं. म्हटलं, पण चाचरत. कारण तोपर्यंत असल्या प्रश्नाला मी नकार देते हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. तिने पेच घातला: "निर्णय माझाच आहे, तुम्हीच म्हणालात ना. मग एक पत्ता काढायला काय हरकत आहे?" माझंच वाक्य माझ्यावर उलटलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, घड्याळात वीस मिनिटं उरली होती, फी आधीच घेतलेली होती. मी पत्ता काढला.

निघाला स्ट्रेंग्थ, मेजर अर्काना या मुख्य पत्त्यांच्या गटातला. माझ्या संचात त्याचा क्रमांक आठ. पांढऱ्या वस्त्रातली एक बाई सिंहाचा जबडा नुसत्या हाताने हळुवार मिटवतेय. मी अर्थ सांगायच्या आतच ती हसली आणि म्हणाली, "बघा! म्हणजे माझ्यात ताकद आहे. गोळ्या नकोतच." त्यानंतर मी पाच मिनिटं समजावत होते की ताकद म्हणजे मदत नाकारणं नव्हे, अशा गोळ्या एकदम बंद केल्या तर त्रास उलटू शकतो, उद्याच डॉक्टरांना फोन कर. तिच्यापर्यंत ते पोचलं नाही. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं, तेही चित्रासकट.

संध्याकाळी थोरलीचा मेसेज आला: "खोलीत गेल्यावर काय बोलली ती? मला काळजी वाटतेय. सेशन मीच बुक केलंय." मी जरा अभिमानानेच उत्तर दिलं की ते तिचं खासगी आहे, मी सांगू शकत नाही. आपण शब्द पाळला या समाधानात मी फोन ठेवला.

त्याच्या तासभर आधीच रेकॉर्डिंगची लिंक आपोआप बुकिंगच्या ईमेलवर गेली होती. म्हणजे थोरलीच्या.

दुसऱ्या दिवशी धाकटीचा मेसेज आला, एका ओळीचा: "तुम्ही म्हणाला होतात आपल्या दोघींतच राहील." मी फाइल काढून टाकली, पूर्ण फी परत केली, काय झालं ते कुठलीही सबब न सांगता लिहून माफी मागितली. गोळ्यांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. तो हक्क मी घालवून बसले होते.

वाक्यं कुठे फसली

पहिल्यांदा मला वाटलं, हा तांत्रिक घोटाळा आहे. ईमेलचा रकाना सुधारला की झालं. पण मग मी माझी ती वाक्यं कागदावर लिहिली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: हे खरं ठरावं म्हणून मी प्रत्यक्ष काय करते?

"आपल्या दोघींतच राहील" याच्यापुढे लिहायला काहीच नव्हतं. खोलीत कोण आहे हे मी विचारत नव्हते. रेकॉर्डिंग कुठे साठतं, कुणाला जातं, किती दिवस राहतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. पैसे भरणारा आणि समोर बसणारा वेगळे असले तर सेशन कुणाचं, हे ठरलेलं नव्हतं. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे हे वचन बिनशर्त होतं. उद्या समोरची व्यक्ती म्हणाली की आज रात्री मी जिवाचं बरंवाईट करणार आहे, तर मी गप्प बसणार आहे का? मुळीच नाही. मग "दोघींतच" हा शब्द मी देतेच कशी? शिवाय डॉक्टरशी किंवा वकिलाशी झालेल्या बोलण्याला जसं कायद्याचं काही पाठबळ असतं, तसं टॅरो रीडरच्या खोलीला नाही. माझी गुप्तता म्हणजे माझा शब्द, तेवढीच. ती जिथे तुटू शकते ती जागा आधी दाखवायलाच हवी.

"मार्गदर्शन, भविष्य नव्हे" हे वाक्य तर ऐकूच जात नाही. प्रत्येक जण तेच म्हणतो, त्यामुळे ते विमानातल्या सूचनेसारखं कानावरून जातं. त्या वाक्यातून तिला कळायला हवं होतं की "तो परत येईल का" याचं हो-नाही असं उत्तर मी देणार नाही, आणि जो माणूस इथे हजर नाही, ज्याने संमती दिलेली नाही, त्याच्या मनातलं मी वाचणार नाही. हे मी असं कधी उघड बोललेच नव्हते. दुकानावर "उधारी बंद" अशी पाटी लावायची आणि गिऱ्हाईक आलं की वही काढायची, असला तो प्रकार.

आणि "निर्णय तुमचाच" हे वाक्य मला सगळ्यात निर्धोक वाटायचं. तेच सगळ्यात धोक्याचं निघालं. जबाबदारी झटकताना आपण समोरच्याच्या हातात काय देतोय हे बघायला हवं. त्या वाक्याचा तिने लावलेला अर्थ तर्काला धरूनच होता: निर्णय माझा, तर पत्ता काढायला तुमचं काय जातं? मर्यादा रीडरच्या कृतीवर घालावी लागते. "हा प्रश्न मी पत्त्यांना विचारणार नाही," असं. तेही पत्ते उघडण्याआधी. चित्र एकदा समोर आलं की त्याच्याशी शब्द झुंजू शकत नाहीत. स्ट्रेंग्थच्या जागी दुसरा कुठला पत्ता निघाला असता तरी तिने त्यात तिचंच उत्तर पाहिलं असतं. टॉवर, म्हणजे वीज पडून कोसळणाऱ्या मनोऱ्याचा पत्ता, निघाला असता तर कदाचित उलट घाबरली असती, आणि तेही तितकंच वाईट.

नवी सुरुवात

पुढचे काही आठवडे मी ती लिहीत आणि खोडत होते. पहिला मसुदा साडेचार मिनिटांचा झाला. मोठ्याने वाचला तर करारनामा वाचतेय असं वाटलं. दोन मिनिटांच्या वर गेलं की समोरच्याचे डोळे निस्तेज होतात हे कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतं. म्हणून ज्याचं उत्तर लिहून मिळू शकतं ते सगळं बुकिंगच्या फॉर्मात टाकलं आणि बोलण्यात फक्त तेवढं ठेवलं जे आवाजातच सांगायला हवं. आता मी म्हणते ते हे:

"नमस्कार. पत्ते उघडण्याआधी दोन मिनिटं बोलू, आणि त्यात मी तुम्हाला काही विचारणार आहे. आत्ता तुमच्या खोलीत किंवा ऐकू येईल इतक्या जवळ कोण आहे? कुणी असेल तरी चालेल, फक्त मला माहीत असू दे. हेडफोन असले तर लावा.

"आपल्याकडे पंचेचाळीस मिनिटं आहेत. शेवटच्या पाच मिनिटांत मी नवा पत्ता काढत नाही, आधीचं आवरते. मी पत्त्यांवरची चित्रं घेऊन तुमच्या परिस्थितीकडे तुमच्यासोबत बघते. तारखा सांगत नाही, अमुक होईलच असं म्हणत नाही. जी व्यक्ती इथे नाही तिच्या मनात काय आहे हेही सांगत नाही. तिच्याशी तुम्ही कसं वागावं, यावर बोलू शकतो.

"आजार, औषधं, कोर्टाचं काम आणि पैसे कुठे गुंतवावेत, या चार गोष्टींसाठी मी पत्ता काढत नाही. तुम्ही आग्रह केलात तरी नाही. त्याबद्दल मन मोकळं करायला हरकत नाही.

"तुम्ही इथे होतात हेसुद्धा मी कुणाला सांगत नाही. पैसे दुसऱ्या कुणी भरले असले तरी त्यांनाही नाही. याला एकच अपवाद मी स्वतः करते. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर आधी तुमच्याशी बोलून, फॉर्मात तुम्ही दिलेल्या नंबरवर मी फोन करेन. आणि कायद्याने बोलणं भाग पाडलं तर मला नाही म्हणता येणार नाही.

"रेकॉर्डिंग बंद आहे. तुम्हाला हवं असेल तर सुरू करते. मग फाइल कुठल्या ईमेलवर पाठवू ते आत्ता सांगा. सात दिवसांनी माझ्याकडची पुसली जाते.

"मध्येच थांबावंसं वाटलं तर 'थांबा' म्हणा, कारण सांगायची गरज नाही. आणि हे सगळं ऐकून सेशन नकोसं वाटलं, तर पहिला पत्ता उघडेपर्यंत पूर्ण फी परत. आता सांगा, फॉर्ममधला प्रश्न कुणाचा आहे? तोच घ्यायचाय का आज?"

एकटीने वाचलं तर दीड मिनिट लागतं. समोरच्याची उत्तरं धरून दोन-अडीच.

यात मी सगळ्यात जास्त घासाघीस केली ती प्रश्नांच्या जागांवर. "समजलं ना?" असं विचारलं की माणूस मान हलवतो, आणि ती मान कशाचाच पुरावा नसते. खोलीत कोण आहे, ईमेल कुठला, प्रश्न कुणाचा, या तीन प्रश्नांना मान हलवून उत्तर देताच येत नाही. काहीतरी बोलावं लागतं, आणि बोललेलं माणसाच्या लक्षात राहतं. ईमेल तोंडाने विचारल्यामुळे तर रेकॉर्डिंग मागणाऱ्यांची संख्या माझ्या अंदाजाने निम्म्यावर आली. फाइल कुठे जाऊन पडणार हे उच्चारताना पुष्कळ जण थबकतात आणि म्हणतात, राहू द्या.

अपवादातल्या नंबरचीही एक गोम आहे. समोरासमोर बसलेल्या माणसाला काही झालं तर आपण तिथे असतो. ऑनलाइनमध्ये ती व्यक्ती कुठल्या गावात, कुठल्या घरात बसलीय हेही ठाऊक नसतं. जवळच्या कुणाचा नंबर नसेल तर "धोका वाटला तर फोन करेन" हे वाक्यही माझ्या जुन्या वचनाइतकंच पोकळ ठरतं. म्हणून फॉर्मात तो रकाना सक्तीचा केला. शेजारी दुसरा रकाना आहे: "भेट म्हणून बुक करत असाल तर जिच्यासाठी किंवा ज्याच्यासाठी आहे त्या व्यक्तीचा ईमेल." त्याखाली एक ओळ आहे की सेशनबद्दलचं काहीही पैसे भरणाऱ्याला कळवलं जाणार नाही.

त्या दिवशी हे असतं तर काय झालं असतं? थोरली खोलीत आहे हे पहिल्या मिनिटाला कळलं असतं. कदाचित धाकटीने तेव्हाच लॅपटॉप उचलला असता. लिंक गेली नसती. गोळ्यांचं तिने सांगितलं असतं की नाही, सांगता येत नाही. औषधांवर पत्ता काढत नाही हे आधीच ऐकून ती गप्पही राहिली असती, आणि हा नव्या सुरुवातीचा खरा तोटा आहे. म्हणूनच "त्याबद्दल मन मोकळं करायला हरकत नाही" हे वाक्य मागाहून जोडलं. ती बोलली असती, तर मी पत्ते उलटे करून बाजूला ठेवले असते आणि विचारलं असतं, "बहिणीला आत बोलावून हे तिच्यासमोर सांगायचं का? मी आहे इथे." गोळ्या बंद करणं हा त्या क्षणी जिवाचा धोका नव्हता, त्यामुळे तिच्या पाठीमागे बहिणीला सांगायचा हक्क नव्या वाक्यांनीही मला मिळाला नसता. तिला विचारून सांगणं मात्र शक्य होतं, आणि ते मला सुचलंही नव्हतं.

वापरताना काय दिसलं

मध्यंतरी एकाने आईच्या तपासणीचा रिपोर्ट यायच्या आधी "चांगला येईल का, एवढंच बघा" म्हणून गळ घातली. मी म्हटलं, "सुरुवातीला चार गोष्टी म्हणाले होते, त्यातली ही." तो म्हणाला, "हो, म्हणाला होतात," आणि मग रिपोर्टची वाट बघताना झोप कशी लागत नाही त्याबद्दल बोलत राहिला. पूर्वी याच जागी मी चाचरायचे. नकार आधी देऊन ठेवलेला असला की ऐनवेळी तो त्या माणसाला उद्देशून राहत नाही, हा मोठाच फरक.

दोघे जण सुरुवात ऐकूनच उठून गेले. एकीला लग्नाची तारीखच हवी होती. फी परत केली. वाईट वाटलं, पण चाळिसाव्या मिनिटाला तारीख न मिळाल्याने झालेल्या वादापेक्षा हे स्वस्तात पडलं.

काही गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. खोलीत कुणी नाही असं सांगून दाराआड कुणी उभं असेल तर मला कळणार नाही. समोरच्याने दुसऱ्या फोनवर माझं चित्रण केलं तर तेही कळणार नाही, मी फक्त करू नका असं म्हणू शकते. हेडफोनमुळे माझा आवाज बाहेर जात नाही, पण त्यांचा जातोच. नजर वर-डावीकडे जाऊ लागली की आता मी सेशनच्या मध्येही विचारते, "कुणी आलं का?" आणि लगेच जोडते, "हो किंवा नाही एवढंच सांगा." दार उघडून आत आलेल्या माणसासमोर तेवढंच सांगता येतं.

दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येणारे म्हणतात, "ताई, ते सगळं ठाऊक आहे, सुरू करा." त्यांच्यासाठी बाकीचं गाळते. खोलीत कोण आणि रेकॉर्डिंग कुठे, हे दोन प्रश्न मात्र दर वेळी विचारते, कारण त्यांची उत्तरं दर वेळी वेगळी असू शकतात.